आधी तडा की आधी पाकळी?

मावशीकडे काश्मिरी पेपरमाशीचा एक डबा आहे. लांबट, हातभर नाही पण वीतभराहून मोठा, झाकण सरळ वर उचलायचं. झाकणावर फुलांची दाटी आणि मधोमध खंड्या पक्षी. सगळ्यावर मधासारखी पिवळट छटा आणि जवळून पाहिलं तर बारीक तड्यांची जाळी. "शंभर वर्षांचा आहे, रंगच सांगतो," असं मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मागच्या दिवाळीत मी भिंग आणि टॉर्च घेऊन त्या डब्याजवळ बसलो, तेव्हा तिला ते फारसं आवडलं नव्हतं.

असा डबा बनतो कसा ते आधी सांगायला हवं, कारण वयाचा सगळा पुरावा त्या घडणीतच दडलेला असतो. काश्मिरात हे काम दोन हातांत विभागलेलं आहे. साख्तसाज डब्याचा सांगाडा करतो. रद्दी कागद काही दिवस भिजवून, कुटून, त्यात भाताची खळ मिसळून तो लगदा साच्यावर थापायचा, वाळला की कापून साच्यावरून सोडवायचा आणि तुकडे सरसाने जोडायचे. त्यावर खडू किंवा जिप्समसारखी पांढरी भुकटी सरसात कालवून तिचा लेप द्यायचा आणि घासून गुळगुळीत करायचा. मग डबा नक्काशाकडे जातो. तो आधी जमिनीचा रंग भरतो, त्यावर फुलापानांचे मूळ आकार, त्यावर छटा आणि सगळ्यात शेवटी केसाएवढ्या रेषा. सोन्याचा वर्ख लावायचा असेल तर तोही याच क्रमात कुठेतरी बसतो. वरून टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या राळेचं व्हार्निश.

म्हणजे डब्याचा पृष्ठभाग हा थरांचा गठ्ठा आहे. खाली फुगणारा-आकसणारा कागद, त्यावर ताठ पांढरा लेप, त्यावर रंग, वर व्हार्निश. वय ओळखायला बसणारा माणूस खरं तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असतो: कोण कोणाच्या वर आहे?

खोलीतला दिवा घालवून मी मोबाइलचा टॉर्च झाकणाशी जवळजवळ आडवा धरला. अशा तिरक्या उजेडात रंगाची जाडी सावली पाडते. पाकळ्या जमिनीपेक्षा किंचित वर उठल्या होत्या आणि त्यांच्यावरच्या रेषा त्याहूनही वर. छापील नक्षी, म्हणजे कागद चिकटवून वर चकाकी फासलेला माल, इथेच उघडा पडतो. तो सपाट असतो आणि भिंगातून त्याचे रंग ठिपक्याठिपक्यांचे दिसतात. पण थर हाताने चढवले एवढ्यावरून वय ठरत नाही. श्रीनगरचा चांगला नक्काश आजही तसेच थर चढवतो. थरांवरून हात कळतो, साल नाही.

मग तडे. कागदाचं अंग दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पांढऱ्या लेपाला ते झेपत नाही आणि तो तडकतो. तडा खालून येतो म्हणून तो रंगातून आरपार जातो, त्याच्या कडा धारदार असतात आणि तो ताण असतो तिथे जास्त दिसतो: कोपऱ्यांशी, जोडाशी, झाकणाच्या काठाला. बाजारात तडे पाडायचं खास व्हार्निशही मिळतं. त्याची जाळी झाकणभर एकसारखी पडते, कोपरा काय नि मध्य काय. आणि तडा फक्त वरच्या चकाकीत असतो, रंगात शिरत नाही. त्यात तपकिरी रंग चोळून 'धूळ' भरली असेल तर तीही सगळीकडे सारखीच. खरी धूळ अशी इमानाने वाटून बसत नाही. मात्र खरे तडेसुद्धा वर्षं मोजत नाहीत, हवेचे हेलकावे मोजतात. पुण्याचे चार पावसाळे आणि शेकडीशेजारचं कपाट यांनी नवा डबाही तडकू शकतो, आणि थंड, स्थिर खोलीतला जुना डबा जवळजवळ निर्मळ राहतो.

मावशीच्या डब्याचे तडे खरे होते. डाव्या कोपऱ्यातला एक तडा मी भिंगाखाली धरून त्याच्या मागे मागे गेलो. तो काळ्या जमिनीतून निघाला, एका पानाचे दोन भाग करून पुढे सरकला आणि एका लाल पाकळीपाशी नाहीसा झाला. पाकळीच्या पलीकडे पुन्हा हजर. पाकळीत तो नव्हता, कारण लाल रंग त्याच्या फटीत उतरून बसला होता. म्हणजे डबा आधी तडकला, पाकळी नंतर रंगली. कुणीतरी दुरुस्ती केली होती.

आता तो प्रसिद्ध पिवळेपणा. राळेचं व्हार्निश हवा आणि उजेडाने वर्षानुवर्षं पिवळं पडतं हे खरंच. पण सगळ्या थरांत व्हार्निशवर विश्वास सर्वांत कमी ठेवावा, कारण ते पुसून नवं लावता येतं आणि रंग मिसळून आधीच 'जुनं'ही करता येतं. चहाच्या पाण्यानेसुद्धा हे काम लोक करतात. म्हणून मी झाकण उचलून त्याखाली झाकला जाणारा काठ पाहिला. तिथे नक्षीची निळी पट्टी होती आणि ती निळी होती. बाहेरचा खंड्या मात्र शेवाळी हिरवा. निळ्यावर पिवळट-तांबूस थर बसला की असंच होतं. बाहेर जास्त पिवळं, आत कमी, हे नैसर्गिकही असू शकतं; पण इथे पिवळेपणा हळूहळू विरत नव्हता, काठाशी एका ओघळाच्या रेषेवर संपत होता. ब्रश तिथे थांबला होता.

शेवटी नोटा तपासायचा अतिनील टॉर्च काढला. अंधारात या प्रकाशाखाली जुनी राळ हिरवट-पिवळी उजळते आणि लाखेचं पॉलिश नारिंगी. काठावर हिरवट झाक होती. झाकण बाहेरून नारिंगी पेटलं, पाकळीसकट, आणि तड्यांमध्ये साचलेलं पॉलिश सगळ्यात जास्त.

मावशी तोवर जवळ येऊन उभी राहिली होती. "अगं, याला कुणी लाखेचं पॉलिश केलंय," मी म्हटलं. ती जरा थांबली. "सुमनच्या लग्नात घरातलं फर्निचर पॉलिश केलं होतं. मामंजींनी त्या माणसाला हाही दिला असेल." सुमनताईचं लग्न 1974चं.

तर हिशेब असा लागला. डब्याचं अंग अस्सल कागदाचं. तळाशी टवका उडाला आहे तिथे राखाडी तंतू दिसतात, लाकूड नव्हे. मूळ रंगकाम तड्यांच्या आधीचं. लाल पाकळी तड्यांच्या नंतरची, पण पॉलिशच्या आधीची. आणि ज्या पिवळेपणाला मावशी शंभर वर्षं म्हणत होती तो बहुधा 1974च्या मांडवातला. मूळ डबा शंभर वर्षांचा असूही शकेल. भिंग आणि टॉर्च एवढाच क्रम सांगू शकतात. पुढे जायचं तर प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी, टवका न काढता, पांढऱ्या रंगातलं मूलद्रव्य ओळखता येतं. टायटॅनियमचा पांढरा बाजारात आला तो 1920च्या आसपास. तो मूळ फुलांच्या खालच्या थरात सापडला तर डबा त्याआधीचा नाही हे नक्की. फक्त लाल पाकळीत सापडला तर दुरुस्तीपुरतंच कळलं. आणि कुठेच सापडला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. नक्काशाने जुनाच पांढरा वापरला असेल.

"मग हे पिवळं स्पिरिटने पुसून टाकू का? खंड्या निळा होईल," मावशीने विचारलं. मी कापसाचा बोळा तिच्या हातून काढून घेतला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पण बोळा लाखेपाशी थांबेलच असं नाही; खालची राळ आणि त्या केसाएवढ्या रेषाही त्याबरोबर येतील. डबा परत काचेच्या कपाटात गेला, फक्त खिडकीकडची जागा सोडून आतल्या बाजूला. खंड्या हिरवाच आहे.