‘पाठवा ना’ आणि ‘पाठवाल ना?’

समजा, पुण्यात भाड्याने राहणाऱ्या एका मुलीच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे. घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते. ओळख दोन महिन्यांची, म्हणजे ‘मॅडम’ म्हणावं इतकी परकी नाही आणि हक्क दाखवावा इतकी जवळचीही नाही. मुलगी फोनवर टाइप करते : ‘काकू, नळ गळतोय. प्लंबर पाठवा.’ पाठवायच्या आधी ती थांबते. वाचताना हे हुकमासारखं वाटतं. तोंडाने सांगितलं असतं तर आवाज मऊ ठेवता आला असता, पण इथे आवाज नाही. मग ती शेवटी एक अक्षर जोडते. ‘प्लंबर पाठवा ना.’

वाक्यातला मजकूर तोच राहिला, पण आता तो हुकूम राहिला नाही, गळ घातल्यासारखा झाला. इंग्रजीत ‘प्लीज’ जे काम करतं ते बोलत्या मराठीत पुष्कळदा हा ‘ना’ करतो. मराठीत ‘कृपया’ आहे, पण तो पाटीवरचा आणि सूचनाफलकावरचा शब्द. आई मुलाला ‘कृपया पाणी दे’ म्हणाली, तर मुलगा आधी तिचा चेहरा पाहील. ‘प्लीज पाठवा ना’ सहज जमतं. ‘कृपया पाठवा ना’ मात्र कोटावर लुंगी नेसल्यासारखं दिसतं.

शालेय व्याकरणात असल्या शब्दांची फारशी बूज नसते. बोलताना सवयीने येणारे ‘बरं का’, ‘म्हणे’ यांसारखे शब्द तिथे पालुपदं किंवा पादपूरणार्थक म्हणून एका परिच्छेदात उरकले जातात. जणू ते वाक्यातली रिकामी जागा भरायलाच आले आहेत. ‘ना’ पाहिला की हे पटत नाही, कारण त्याच्या जागेप्रमाणे आणि क्रियापदाच्या रूपाप्रमाणे त्याचा परिणाम चक्क उलटतो.

त्याच मुलीने ‘काकू, प्लंबर पाठवाल का?’ असं लिहिलं असतं, तर काकूंना ‘नाही’ म्हणायला जागा होती. ‘का’ खरोखर विचारतो. आता त्या ‘का’च्या जागी ‘ना’ घालून पाहा : ‘प्लंबर पाठवाल ना?’ विचारणाऱ्याने उत्तर ‘हो’ असं धरूनच चाललं आहे. आता ‘नाही’ म्हटलं तर काकू शब्द मोडणाऱ्या ठरतील, शब्द दिला नसतानाही. म्हणजे आज्ञेला लागलेला ‘ना’ तिला मऊ करतो आणि प्रश्नाला लागलेला ‘ना’ त्याला आवळतो. ‘उसने पैसे द्या ना’ ही विनवणी आहे. ‘उसने पैसे द्याल ना?’ यात तगादा डोकावतो. पुष्कळ संदेश इथेच फसतात. लिहिणाऱ्याला वाटतं, ‘ना’ घातला म्हणजे नम्र झालं.

त्याचं तिसरं रूप तर सरळ टोचणारं. ‘आधी कळवायचं ना!’ किंवा ‘मग सांगावं ना!’ या वाक्यांत विनंती उरलेलीच नाही, कारण वेळ निघून गेली आहे. उरला तो रुसवा. म्हणून ‘पाठवावे’ अशा आदरार्थी, पत्रातल्या रूपापुढे विनंतीचा ‘ना’ बसत नाही. ‘प्लंबर पाठवावा ना’ असं लिहिलं तर काकूंना ते ‘एवढं कळायला नको का?’ असं ऐकू येईल.

लिहिताना आणखी एक अडचण येते, ती जागेची. बोलताना लांबवलेला ‘ना’ लाडीगोडी दाखवतो आणि तोडून म्हटलेला वैताग. नाटकांच्या संहितांत आणि कथांतल्या संवादांत हे लांबवणं अवग्रहाने दाखवतात : ‘द्या नाऽ’. फोनच्या कळफलकावर तो शोधायचे कष्ट फार थोडे घेतात, त्यामुळे लाड आणि वैताग दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय हा ‘ना’ क्रियापदापासून सुटा लिहावा लागतो. ‘कर ना’ जोडून ‘करना’ झालं की ते हिंदी वाटतं. आणि ‘नळाला पाणी येईना’ यातला जोडलेला ‘ना’ तर नकाराचा, त्याचा विनवणीशी संबंध नाही.

‘हो’ची गोष्ट वेगळी. ‘अरे’चा ‘रे’, ‘अगं’चा ‘गं’, तसा ‘अहो’चा ‘हो’. सुरुवातीची हाक वाक्याच्या शेवटी पुन्हा दिली जाते. त्यामुळे तो माणूस बघून बदलतो. भावाला ‘बघ रे’, बहिणीला ‘बघ गं’, काकूंना ‘बघा हो’. ‘ना’ला हे बंधन नाही, तो ‘बघ’लाही चालतो आणि ‘बघा’लाही. ‘हो’मध्ये आदर आहे, पण तो दूरचा आदर नव्हे. ‘बघा हो काहीतरी’ असं आपण ज्यांच्यापाशी गाऱ्हाणं नेऊ शकतो त्यांनाच म्हणतो. घरमालकिणीला ते खपेल, अगदी आवडेलही. तहसीलदारांना दिलेल्या अर्जात ‘दाखला द्या हो’ लिहिलं तर अर्ज हातोहात फिरेल, पण हसण्यासाठी. विदर्भात हेच काम ‘जी’ करतो. ‘या ना जी’ यात ‘ना’ गळ घालतो आणि ‘जी’ मान राखतो.

अर्जाने आणि जुन्या पत्राने हे अव्यय कधी जवळ केलेच नाहीत. त्यांची नम्रता ठरलेल्या चौकटीत असे : वर ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, आणि खाली ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती’. विनंती आरंभी आणि शेवटी बांधलेली असल्याने मधली वाक्यं रोखठोक असली तरी चालत. फोनवरच्या संदेशाला ना मायना, ना शेवट. त्यामुळे सगळा भार क्रियापदाच्या शेपटीवर येतो.

राहिला ‘होय’. विनंतीच्या वाक्यात तो सौम्यपणा आणत नाही. ‘प्लंबर पाठवताय होय?’ हे आश्चर्य आहे, आणि काकूंच्या मूडप्रमाणे टोमणासुद्धा. ‘असं होय!’ म्हणजे उलगडा. सरकारी फॉर्मवर चौकोनाशेजारी छापलेलं असतं ते ‘होय/नाही’, ‘हो/नाही’ क्वचितच, कारण ‘होय’ला एक कोरडा नेमकेपणा आहे. पण विनंतीशी त्याचं एक जुनं नातं कोकणात दिसतं. देवळात मानकरी किंवा पुजारी गाऱ्हाणं घालतो, देवाकडे एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्यावर जमलेले लोक एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. इथे ‘होय’ मागणं मऊ करत नाही, त्यावर सगळ्यांची मोहोर उठवतो.

त्या मुलीने शेवटी लिहिलं : ‘काकू, स्वयंपाकघरातला नळ कालपासून गळतोय. जरा प्लंबरला पाठवता का?’ ‘पाठवाल’ऐवजी ‘पाठवता’ आल्याने ते दूरचं न राहता आजचं झालं, ‘जरा’ने काम छोटं केलं आणि ‘का’ने काकूंना मोकळं ठेवलं. ‘ना’ तिने राखून ठेवला, उद्याही नळ गळत राहिला तर उपयोगी पडावा म्हणून.

उत्तर म्हणून ‘पाठवते हं’ आलं असतं तर काम झालं असतं. ‘हो’ आलं असतं तरी निम्मं झालं असतं. काकूंनी लिहिलं : ‘हो ना, आमचाही गळतोय.’