बायोप्सीचा अहवाल : विलंबाची कारणमीमांसा

बायोप्सीचा अहवाल लांबला, की 'काहीतरी गंभीर आढळले असावे' अशी शंका रुग्णाच्या मनात बळावते. वस्तुतः हा काळ मुख्यत्वे ऊतीवरील प्रक्रियेचा असतो.

सोमवारी दुपारी एका स्त्रीच्या स्तनातील गाठीतून सुईने ऊतीचे तुकडे काढले, असे मानू. ते लगेच फॉर्मॅलिनमध्ये ठेवले जातात. पेशींची रचना टिकण्यासाठी हे द्रावण ऊतीत पूर्ण मुरावे लागते; स्तनाच्या ऊतीसाठी त्यास किमान 6 तास द्यावेत, असा संकेत आहे. येथे घाई केल्यास पुढील चाचण्यांचे निष्कर्ष चुकू शकतात. मंगळवारी रात्रभर यंत्रात ऊतीतील पाणी काढून तिच्यात मेण भरले जाते. बुधवारी मेणाच्या ठोकळ्यातून 3 ते 4 मायक्रॉन जाडीचे काप घेऊन रंगविले जातात व विकृतिशास्त्रज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

निदान स्पष्ट असल्यास अहवाल तयार होतो. पेशींचे स्वरूप संदिग्ध असल्यास नवे काप घेऊन विशिष्ट प्रथिनांची तपासणी करावी लागते व आणखी काही दिवस जातात. कर्करोग आढळल्यास उपचार ठरविण्यासाठीही अशीच तपासणी होते. म्हणजेच, गाठ निरुपद्रवी असो वा कर्करोगाची, विलंब दोन्ही बाबतींत संभवतो. केवळ त्यावरून निदानाचा तर्क करता येत नाही.

म्हणून अहवाल कोणत्या दिवशी व कोणाकडून मिळेल, हे रुग्णास आरंभीच सांगणे उचित ठरते. तो दिवस उलटल्यास मात्र रुग्णाने स्वस्थ न बसता चौकशी करावी.