राज्यस्तरीय स्पर्धेसाठी शाळेकडे सवलत मागताना: अर्ज आणि सरावाचं वेळापत्रक कसं द्यावं

आपल्या वस्तीतली एखादी मुलगी धावण्यात विभागात पहिली येते, राज्यासाठी निवडली जाते, विहारात तिचा सत्कार होतो. मग सरावासाठी शाळा बुडू लागते. आई-वडील रोजंदारीवर असतात. ‘सरांना सांगितलंय’ एवढ्यावरच सगळं चालतं. मार्चमध्ये हजेरी मोजली जाते तेव्हा हजेरीपत्रकात फक्त गैरहजेरीच्या खुणा दिसतात, कारण कुणी काही लेखी दिलेलंच नसतं. अशा पालकांना अर्ज लिहून देणं हे कार्यकर्त्यांचं काम आहे. ते नीट कसं करायचं, ते एका उदाहरणातून पाहू.

आधी स्पर्धा कोणाची आहे ते पाहा

क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. त्या तालुका किंवा जिल्ह्यापासून विभाग आणि मग राज्य अशा चढत जातात. इथे प्रवेशिका शाळेमार्फतच जाते, त्यावर मुख्याध्यापकांची सही असते. म्हणजे मूल शाळेचं प्रतिनिधित्व करत असतं. स्पर्धेच्या दिवसांसाठी ‘रजा’ न मागता ‘शाळेच्या वतीने सहभाग’ म्हणून नोंद मागायची, ती याच कारणाने.

खेळाच्या राज्य संघटनेची स्पर्धा असेल तर शाळेला त्याची काही माहिती नसते. तिथे संघटनेचं निवडपत्र जोडावंच लागतं. तिसरा प्रकार खासगी स्पर्धांचा. बॅनरवर ‘राज्यस्तरीय’ लिहिलेलं असतं, पैसे भरले की कुणालाही प्रवेश मिळतो. खालच्या फेऱ्यांतून निवड झालेली नसेल, तर त्या नावावर शाळेकडे दिवस मागू नका. एकदा असं झालं की पुढच्या खऱ्या अर्जावरही विश्वास बसत नाही.

मागणी मोजून करा

समजा, नववीतली मुलगी 17 वर्षांखालील गटात 800 मीटर धावते. स्पर्धा 12 ते 14 डिसेंबर, शुक्रवार ते रविवार. गुरुवारी जायचं, सोमवारी परत यायचं. रविवार सोडला तर शाळेचे चार दिवस जातात.

आता सराव. शाळा साडेदहा ते पाच, शनिवारी सकाळची. ‘सरावासाठी एक महिना सूट द्यावी’ असं लिहिलं तर अर्ज बाजूलाच पडणार. प्रशिक्षकांना विचारा, शाळेच्या वेळेत होणारा सराव नेमका कोणता? बहुतेक वेळा उत्तर छोटं असतं. लांब पल्ल्याचं धावणं आणि व्यायाम सकाळी सहा ते आठमध्ये बसतात. वेगाचा सराव मात्र मोजलेल्या मैदानावर, प्रशिक्षकाच्या हातात घड्याळ असताना करावा लागतो, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारू लागतं. असा सराव आठवड्यात दोनदाच असतो. म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटचे दोन तास सोडावे लागतात. तीन आठवड्यांत सहा दिवस.

बहुतेक शाळांत हजेरी दोनदा घेतली जाते, सुरुवातीला आणि मधल्या सुट्टीनंतर. शेवटच्या दोन तासांना निघालेल्या मुलीची दोन्ही सत्रांची हजेरी लागलेली असते. दुपारीच नेलं तर अर्धा दिवस जातो.

स्पर्धेच्या आठवड्यात सराव कमी करतात, कारण पायांना विश्रांती हवी असते. म्हणून 9 डिसेंबरच्या मंगळवारी सवलत मागायचीच नाही. हे वेळापत्रकात दिसलं की ते खऱ्या प्रशिक्षकाने केलं आहे हे मुख्याध्यापकांना कळतं. 6 डिसेंबरचंही आधीच ठरवा. सहा दिवसांवर स्पर्धा असताना दादरचा प्रवास आणि रांगेतलं उभं राहणं मुलीला झेपणार नसेल, तर त्या वर्षी गावच्या विहारात अभिवादन करावं.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. मुख्याध्यापक, (शाळेचं नाव)

विषय: राज्यस्तरीय शालेय मैदानी स्पर्धेतील सहभाग व सरावासाठी सवलत मिळणेबाबत.

महोदय,
माझी मुलगी कु. ........, इयत्ता 9 वी, तुकडी ...., हजेरी क्र. ...., हिची विभागीय स्पर्धेतून 17 वर्षांखालील मुली, 800 मीटर धावणे या प्रकारात राज्यस्तरीय स्पर्धेसाठी निवड झाली आहे. त्यासाठी विनंती की,

1. दि. 11, 12, 13 व 15 डिसेंबर हे दिवस प्रवास व स्पर्धेचे असल्याने हजेरीपत्रकात ‘शाळेच्या वतीने स्पर्धेत सहभाग’ अशी नोंद व्हावी.
2. दि. 18, 21, 25, 28 नोव्हेंबर आणि 2, 5 डिसेंबर रोजी शेवटचे दोन तास सरावासाठी सोडण्याची परवानगी मिळावी. तिला नेण्यासाठी मी स्वतः किंवा तिची मावशी (नाव, मोबाईल) येईल.
3. या काळात घटक चाचणी आल्यास ती नंतर घ्यावी.

बुडालेल्या तासांचा अभ्यास ती त्या-त्या आठवड्याच्या शनिवारी दुपारी पूर्ण करून सोमवारी वह्या दाखवेल; स्पर्धेच्या दिवसांचा अभ्यास परतल्यानंतरच्या शनिवारी करेल.

सोबत: विभागीय स्पर्धेचे प्रमाणपत्र, स्पर्धेचे पत्र, प्रशिक्षकांच्या सहीचे सराव वेळापत्रक.

आपला/आपली विश्वासू,
(पालकाची सही, दिनांक)

वेळापत्रकात काय असावं

एकच पान पुरे. आठवड्याचे वार, सरावाची वेळ, ठिकाण, सरावाचा प्रकार आणि ‘शाळेवर परिणाम’ असे रकाने करा. बहुतेक ओळींत शेवटच्या रकान्यात ‘नाही’ येईल, आणि तेच दाखवायचं असतं. खाली प्रशिक्षकांची सही आणि मोबाईल क्रमांक हवा. मंगळवार-शुक्रवारी कोणते विषय बुडतात तेही पाहा. दोन्ही दिवशी गणितच जात असेल, तर प्रशिक्षकांना एक वार बदलता येतो का विचारा.

अर्ज दिल्यावर

अर्ज दोन प्रतींत द्या. एक शाळेच्या कार्यालयात, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी जपून ठेवा. ही पोच नसेल तर वर्षअखेरीस हातात काहीच उरत नाही. वर्गशिक्षकांना वेगळं भेटा, कारण हजेरीपत्रक त्यांच्याकडे असतं. परत आल्यावर सहभागाच्या प्रमाणपत्राची प्रत त्याच अर्जाला जोडायला द्या आणि नोंद झाली का ते पाहा.

हिशोबही सोबत ठेवा. वर्षाचे 220 दिवस धरले तर 75 टक्के म्हणजे 165 दिवस. हे चार दिवस गैरहजेरीत धरले तरी धोका नाही. पण त्याच मुलीचे आजारपणाचे, लग्नाचे, गावच्या कार्यक्रमांचे पन्नास दिवस आधीच गेले असतील, तर हेच चार दिवस जड जातात. दहावी-बारावीत बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी 75 टक्क्यांची अट असते. म्हणून अर्जाआधी आतापर्यंतची हजेरी विचारून घ्या.

नकार मिळाला तर कारण अर्जावर लिहून मागा. बऱ्याचदा अडचण परीक्षेची किंवा सोबत कोण जाणार याची असते, आणि ती सुटते. तरीही अडलं तर तालुका किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून शाळेच्या नावे पत्र मागा. त्यानंतर माध्यमिक शाळेसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे पोचेच्या प्रतीसह जा.

कार्यकर्त्यांना एक सांगणं. पहिल्या भेटीला संघटनेचं लेटरहेड आणि चार जण घेऊन जाऊ नका. अर्ज पालकाच्या नावाने, पालकाच्या सहीने जाऊ द्या आणि तुम्ही शेजारी बसा. मुलीला अजून दीड वर्ष त्याच वर्गांत बसायचं आहे. मुद्दाम अडवणूक होते आहे असं दिसलं, तर आवाज उठवायला तुमच्या हातात शिक्क्याची पोच असेल.

जय भीम.