शेवटचा रणगाडा किती नंबरचा?

ऑगस्ट १९४२मध्ये जर्मनीने किती रणगाडे बनवले? दोस्तांच्या हेरांचा अंदाज होता १५५०. हाती लागलेल्या रणगाड्यांच्या गिअरबॉक्सवरचे अनुक्रमांक घेऊन बसलेल्या संख्याशास्त्रज्ञांचा होता ३२७. युद्धानंतर जर्मन दप्तरात आकडा निघाला ३४२.

रीत साधी आहे. समजा, पाच नंबर मिळाले: २३, ७१, ११२, १४८, १९०. मग एकूण १९० म्हणावेत का? इथेच फसगत होते. सापडलेला सर्वात मोठा नंबर खऱ्या शेवटच्या नंबराच्या पुढे कधीच जात नाही. फार तर त्याला गाठतो, तेही क्वचित. म्हणजे चूक होईल ती कमीच्या बाजूला.

किती कमी, हे मधल्या फटी सांगतात. १९०पर्यंत न दिसलेले नंबर १८५, फटी पाच. सरासरी फट ३७. तेवढीच फट १९०च्या पुढेही असणार असं धरलं, की उत्तर २२७.

अर्थात नंबर एकपासून सलग दिलेले हवेत. कारखान्याने मध्येच हजारभर गाळले, तर हे गणित आपलं मुकाट्याने चुकतं.