लंडनला दुपारचे बारा. नागपुरात किती वाजले?

जगाच्या नकाशाची सरावपत्रिका मोबाइलच्या छायाचित्रातून विद्यार्थ्याच्या हाती पडली, की एक अडचण हमखास येते. छायाचित्र तिरके असल्याने जवळची कडा मोठी व दूरची लहान दिसते आणि एकच प्रमाण साऱ्या नकाशाला लागू पडत नाही. अशा वेळी ज्या दोन रेषांमध्ये ठिकाण आहे, तेवढ्याच रेषांमधील अंतर त्या ठिकाणाजवळ मोजावे.

नागपूरचेच उदाहरण घ्या. सरावपत्रिकेवर दर १५ अंशांनी रेषा आहेत. नागपूरचा ठिपका ७५ व ९० या रेखावृत्तांमध्ये पडतो. अंक उजवीकडे वाढत असल्याने हे रेखांश पूर्वेचे आहेत, हे मूळ रेखावृत्त छायाचित्रात आले नसले तरी कळते. ठिपक्याजवळ दोन रेषांतील अंतर २२ मिलिमीटर आणि ७५ च्या रेषेपासून ठिपका ६ मिलिमीटरवर असेल, तर ६ भागिले २२ गुणिले १५ म्हणजे सुमारे ४ अंश. रेखांश झाले ७९ पूर्व. याच रीतीने १५ व ३० या अक्षवृत्तांमधील अंतर २० मिलिमीटर आणि १५ च्या रेषेपासून ठिपका ८ मिलिमीटरवर असेल, तर अक्षांश २१ उत्तर मिळतात. हे दोन्ही आकडे नागपूरच्या खऱ्या स्थानाशी जुळतात. मात्र दूरच्या कडेवरील १८ मिलिमीटरचे अंतर वापरले असते, तर रेखांश ८० आले असते.

या एका अंशाची किंमत चार मिनिटे आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. त्यामुळे ७९ गुणिले ४ म्हणजे ३१६ मिनिटे, अर्थात ५ तास १६ मिनिटे. हिवाळ्यात लंडनला दुपारचे बारा वाजले असता नागपूरची स्थानिक वेळ सायंकाळी ५ वाजून १६ मिनिटे येते. घड्याळात मात्र साडेपाच वाजलेले असतात!

यात चूक कुणाचीच नाही. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. नागपूर त्याच्या साडेतीन अंश पश्चिमेला असल्याने तेथील स्थानिक वेळ १४ मिनिटे मागे असते. म्हणूनच नागपुरात सूर्य डोक्यावर येतो, तो वर्षाच्या सरासरीने १२ वाजून १४ मिनिटांनी.

तेव्हा उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न नीट वाचावा. ‘स्थानिक वेळ’ विचारली असेल, तर ठिकाणाचे रेखांश घ्यावेत. ‘प्रमाणवेळ’ विचारली असेल, तर देशाचे प्रमाण रेखावृत्त. लंडनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केली जातात, तेव्हा हा फरक साडेपाचऐवजी साडेचार तासांचा होतो. ही गोष्ट नकाशातील रेषा सांगत नाहीत.