ट्रॅकर बदलताना: पायथनच्या बग-नोंदींचे स्थलांतर

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटाकडे आलेल्या तक्रारी, सूचना आणि राहिलेली कामे ज्या प्रणालीत नोंदवली जातात तिला ट्रॅकर म्हणतात. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो, वर्णन असते, खाली चर्चा असते आणि बाजूला रकाने असतात: प्रकार कोणता, कुठल्या आवृत्तीत आढळला, काम कुणाकडे, कुठवर आले. यांतले बरेच रकाने त्या गटाने स्वतःच्या सोयीसाठी घडवलेले असतात. नोंद कुठल्या टप्प्यातून कुठल्या टप्प्यात जाणार आणि ती पुढे ढकलण्याचा अधिकार कुणाला, हे ठरवणाऱ्या रीतीला वर्कफ्लो म्हणतात. ट्रॅकर बदलायचा झाला की मजकूर आणि चर्चा बहुधा विनासायास हलतात. अडते ते रकान्यांपाशी आणि त्याहून जास्त वर्कफ्लोपाशी, कारण नव्या साधनात तसा रकाना नसतोच किंवा त्याच नावाचा रकाना वेगळेच काम करत असतो.

पायथन या संगणकभाषेच्या मुख्य प्रकल्पाने 2022 च्या एप्रिलमध्ये असे स्थलांतर उघडपणे केले. त्याच्या खुणा आजही कुणालाही पाहता येतात, म्हणून हे उदाहरण अभ्यासाला सोयीचे आहे. पायथनच्या नोंदी 2007 पासून राउंडअप नावाच्या ट्रॅकरवर, `bugs.python.org` या पत्त्यावर होत्या. लोक त्याला बीपीओ म्हणत. प्रकल्पाचा कोड मात्र 2017 मध्येच गिटहबवर गेला होता. म्हणजे पाच वर्षे बदल एका ठिकाणी आणि त्याचे कारण दुसऱ्या ठिकाणी, अशी विभागणी चालली. नोंदीही गिटहबवर न्याव्यात हा प्रस्ताव पेप 581 म्हणून मांडला गेला आणि 2019 मध्ये स्वीकारला गेला. प्रत्यक्ष हलवाहलवीला त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे लागली.

दोन्ही साधनांची घडणच वेगळी आहे. बीपीओवर प्रत्येक नोंदीला प्रकार, टप्पा, घटक, आवृत्त्या, स्थिती, निकाल, अग्रक्रम, अवलंबून असलेल्या इतर नोंदी आणि कळवण्याची यादी असे रकाने होते, आणि बहुतेकांत ठरलेल्या पर्यायांतूनच निवड करायची होती. गिटहबच्या नोंदीला मुळात दोनच स्थिती: उघडी किंवा बंद. बाकीचा भार लेबलांवर. लेबल म्हणजे हवे ते नाव लिहून चिकटवलेली रंगीत पट्टी. एका नोंदीवर कितीही लेबले लागतात आणि कुठले लेबल कुठल्या गटातले, हे गिटहबला ठाऊक नसते. बीपीओवर एका नोंदीला एकाच वेळी दोन अग्रक्रम देता येत नव्हते, लेबलांच्या जगात ते सहज होते.

म्हणून प्रत्येक रकान्याला एक लेबल, हा सरळधोपट उपाय वाईट ठरतो. शंभरभर लेबले तयार होतात, त्यांतली बरीचशी कुणी वाचत नाही आणि नवी नोंद करणारा गोंधळतो. रकान्याचे नाव बाजूला ठेवून आधी हे पाहायला हवे की तो पाहून कोण काय करतो. बीपीओच्या अग्रक्रमात `release blocker` हा पर्याय होता. तो दिसला की आवृत्ती प्रसिद्ध करणारी व्यक्ती थांबत असे. म्हणून त्याचे लेबल होणे आवश्यकच होते आणि तसे लेबल आज आहे. `normal` हा अग्रक्रम मात्र बहुतेक नोंदींवर आपोआप बसलेला असे आणि त्यावरून कुणी काही ठरवत नसे. असे मूल्य लेबलात आणण्याचे कारण नाही. पण ते फेकूनही देता येत नाही, कारण एखादी गोष्ट कुणी कधी काय ठरवली होती, हे पाच वर्षांनी शोधावे लागते.

पायथनने यासाठी जी वाट काढली ती नक्कल करण्याजोगी आहे. स्थलांतरित नोंदीच्या मूळ मजकुराखाली एक मिटलेला भाग आहे. तो उघडला की जुन्या ट्रॅकरचे सगळे रकाने जसेच्या तसे वाचायला मिळतात:

```
priority = 'normal'
resolution = None
stage = 'patch review'
status = 'open'
versions = ['Python 3.10', 'Python 3.11']
```

ही मूल्ये स्थलांतराच्या क्षणाची आहेत, आजची असतीलच असे नाही, असा इशाराही तिथेच दिलेला आहे. तो इशारा महत्त्वाचा आहे, नाहीतर नोंद बंद होऊन वर्ष उलटले तरी `status = 'open'` वाचून कुणीतरी ती पुन्हा उकरून काढणार. कामाला लागणारी माहिती लेबलांत आणि इतिहासाची माहिती मजकुरात, ही वाटणी एकदा पक्की झाली की रकान्यांचे निम्मे वाद मिटतात.

वर्कफ्लोचा प्रश्न यापेक्षा खोल असतो. वरच्या उदाहरणातला `stage` हा रकानाच घ्या. चाचणी हवी, पॅच हवा, पॅचची तपासणी चालू, जुन्या आवृत्त्यांत नेणे बाकी, निकाली असे त्याचे टप्पे होते. लोक पॅचची फाइल नोंदीला जोडत असत, त्या काळात हा रकाना अर्थपूर्ण होता. 2017 नंतर बदल पुल रिक्वेस्टमधून येऊ लागले, म्हणजे ‘हा बदल घ्या’ अशा गिटहबवरच्या विनंत्यांमधून. तपासणी कुठवर आली हे तेव्हापासून विनंतीवरच दिसू लागले. तिथे एक बॉट `awaiting review`, `awaiting changes`, `awaiting merge` अशी लेबले आपोआप लावतो आणि काढतो. नोंदीवरचा टप्पा माणसाने हाताने बदलायचा होता, त्यामुळे तो बरेचदा मागे राहत असे. अशा वेळी त्या रकान्याची नवी प्रत नव्या घरात तयार करणे म्हणजे आधीच मेलेली रीत सोबत नेणे होय.

समजा, एक दोष 3.10 आणि 3.11 या दोन्ही आवृत्त्यांत आहे. दुरुस्ती मुख्य शाखेत आली, पण 3.10 मध्ये अजून गेलेली नाही. बीपीओवर अशी नोंद `backport needed` या टप्प्यावर उघडी राहायची. गिटहबवर विनंतीच्या मजकुरात `Fixes #` आणि नोंदीचा क्रमांक लिहिलेला असेल, तर ती विनंती मुख्य शाखेत सामील होताच नोंद आपोआप बंद होते. 3.10 चे काम मग नोंदीच्या यादीत दिसेनासे होते. पायथनमध्ये ही जबाबदारी विनंतीवर आहे: तिच्यावर `needs backport to 3.10` असे लेबल लावायचे, मग मिस-आयलिंग्टन नावाचा बॉट 3.10 साठी वेगळी विनंती तयार करतो. म्हणजे जुन्या ट्रॅकरमधला एक टप्पा नव्या व्यवस्थेत दुसऱ्याच वस्तूवर जाऊन बसला. रकान्यांची दोन स्तंभांची यादी करून हे कधीच कळले नसते. त्यासाठी एखादी खरी नोंद जन्मापासून निकालापर्यंत हातात धरून, प्रत्येक वळणावर कोण काय करतो हे लिहून काढावे लागते.

अधिकारांचेही तसेच. बीपीओवर तक्रार करणारा सामान्य माणूस नोंद करतानाच आवृत्ती, घटक आणि प्रकार निवडू शकत असे. गिटहबवर लेबल लावण्याचा अधिकार प्रकल्पातल्या ठरावीक लोकांनाच असतो. लेबले तयार केली म्हणून तक्रारदार ती भरेल असे नाही, तो ती भरूच शकत नाही. यावर उपाय म्हणजे नोंदीचे फॉर्म: दोषासाठी एक, सूचनेसाठी दुसरा, आणि फॉर्म निवडताच प्रकाराचे लेबल आपसूक लागते. आवृत्ती फॉर्ममध्ये प्रश्न म्हणून विचारायची आणि लेबल नंतर छाननी करणाऱ्याने लावायचे. छाननीचे काम त्यामुळे वाढते, आणि ते कोण करणार हे आधी ठरवलेले नसेल तर बिनलेबलाच्या नोंदींचा ढीग साचतो.

क्रमांकांची अडचण बाहेरून दिसत नाही, पण सर्वांत जास्त त्रास तीच देते. गिटहबवर नोंदी आणि विनंत्या एकाच क्रमवारीत मोजल्या जातात. स्थलांतराच्या वेळी पायथनच्या विनंत्यांनी 32,000 चा आकडा ओलांडलेला होता, म्हणजे त्याखालचे क्रमांक आधीच खर्ची पडले होते. जुन्या नोंदींना नवे क्रमांक मिळाले: `bpo-47061` ही नोंद आता `gh-91217` आहे. वर्षानुवर्षांच्या बदलांच्या संदेशांत `bpo-` क्रमांक लिहिलेले आहेत आणि ते संदेश बदलता येत नाहीत. म्हणून `bpo-` या उपसर्गाला आपोआप दुवा जोडला गेला. तो वाचकाला योग्य नव्या नोंदीवर नेऊन सोडतो. उपसर्ग नसलेल्या क्रमांकांबाबत जास्त सावध राहावे लागते. जुन्या चर्चेत कुणी नुसते `#1234` लिहिले असेल, तर गिटहब त्याचा दुवा 1234 क्रमांकाच्या भलत्याच विनंतीशी जोडतो. दुवा तुटलेला नसतो, फक्त चुकीचा असतो, त्यामुळे तुटलेले दुवे शोधणाऱ्या तपासणीतही तो सापडत नाही. मजकूर आयात करण्यापूर्वीच असे उल्लेख बदलून घ्यावे लागतात. `@` या चिन्हाचेही तेच: पायथनच्या कोडमध्ये `@property` सारखे शब्द पदोपदी येतात आणि गिटहब त्यांना माणसाचे नाव समजू शकते.

माणसांची सांगडही पूर्ण बसत नाही. ज्यांनी बीपीओवरच्या आपल्या माहितीत गिटहबचे नाव दिले होते, त्यांचा धागा जुळतो. बाकीच्यांच्या प्रतिक्रिया गिटहब ‘मॅनेकिन’ म्हणून दाखवते. म्हणजे नाव आहे, पण त्यामागे खाते नाही. अशा माणसाला त्याच्या जुन्या नोंदीवर काही घडले तरी सूचना जात नाही. खाते जोडून घ्या, असे आवाहन स्थलांतराच्या बरेच आधी करणे हाच यावरचा स्वस्त उपाय.

स्थलांतर नीट झाले की नाही हे एकूण संख्या जुळवून कळत नाही. नोंदी सगळ्या आल्या, पण उघड्या नोंदींतल्या काही बंद होऊन आल्या, तरी बेरीज बरोबरच येते. म्हणून मोजणी जोड्यांनी करायची: उघड्या आणि `release blocker` असलेल्या किती, बंद आणि `duplicate` निकालाच्या किती, अशी प्रत्येक जोडी जुन्या ट्रॅकरमध्ये आणि नव्यात मोजून ताडायची. दोन आकडे जुळले नाहीत की बहुधा एखादा पर्याय रूपांतराच्या तक्त्यात राहून गेलेला असतो, विशेषतः मागच्या काळात वापरात असलेला आणि नंतर यादीतून काढलेला. त्याखेरीज मुद्दाम अवघड नोंदी निवडून डोळ्यांनी पाहाव्या लागतात: सर्वांत लांब चर्चेची, सर्वांत जुनी, जोडफायली असलेली, दुसऱ्या नोंदीवर अवलंबून असलेली. ही सगळी रंगीत तालीम वेगळ्या चाचणी-भांडारात व्हायला हवी, कारण खऱ्या ठिकाणी एकदा दिलेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. फसलेली आयात पुसून टाकली तरी तेवढे क्रमांक वाया जातात.

पायथनचा जुना ट्रॅकर पुसून टाकलेला नाही. स्थलांतरानंतर तो फक्त वाचण्यापुरता ठेवला गेला, आणि रूपांतरात काही निसटले आहे अशी शंका आली तर मूळ नोंद ताडून पाहायला तीच जागा आहे. ट्रॅकर बदलू पाहणाऱ्या कुठल्याही गटाने जुन्या यंत्रणेचा खर्च किमान काही वर्षे तरी अंदाजपत्रकात धरावा.