दहा अँपिअरची तार जास्त का तापते?

बॅटरी चार्जरमधून बाहेर येणारा प्रवाह आपण डीसी म्हणतो, पण तो सरळ रेषेत वाहत नाही. ५० हर्ट्झची वीज पुलासारख्या डायोड जोडणीतून एकाच दिशेला वळवली, की सेकंदाला १०० चढउतार प्रवाहात उरतात. त्यांना रिपल म्हणतात. गणित सुटसुटीत व्हावे म्हणून ही लाट शुद्ध साइन आहे असे धरू आणि प्रवाह असा लिहू:

i = १० + ८ sin ωt

म्हणजे प्रवाह २ ते १८ अँपिअरच्या दरम्यान हलतो आणि त्याची सरासरी १० अँपिअर राहते. बॅटरीत तासाभरात किती विद्युतभार जमा होईल, हे ही सरासरीच ठरवते. तारेचे तापणे मात्र सरासरी मानत नाही. उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. १८ अँपिअरच्या क्षणी तार जेवढी जादा तापते, तेवढी भरपाई २ अँपिअरच्या क्षणी होत नाही.

म्हणून प्रवाहाचा वर्ग करू. तीन पदे मिळतात: १००, मग १६० sin ωt, आणि ६४ sin² ωt. आता पूर्ण आवर्तनाची सरासरी घ्यायची. मधले पद अर्धा वेळ धन आणि अर्धा वेळ तितकेच ऋण असते, त्यामुळे ते शून्य होते. साइनच्या वर्गाची सरासरी अर्धी, म्हणून तिसऱ्या पदाचे ३२ उरतात. बेरीज १३२, वर्गमूळ सुमारे ११.५ अँपिअर. हेच या प्रवाहाचे आरएमएस मूल्य: इतका स्थिर डीसी तारेतून गेला असता, तर तार तेवढीच तापली असती. तारेचा रोध ०.१ ओहम असेल, तर १० वॉटऐवजी १३.२ वॉट उष्णता निर्माण होते. तार आणि फ्यूज निवडताना हाच आकडा धरायला हवा.

लाटेचे स्वतःचे आरएमएस ८ भागिले √२, म्हणजे ५.६६ अँपिअर. ते १० मध्ये सरळ मिळवून १५.६६ काढणे ही नेहमी होणारी चूक. त्यातून उष्णता २४.५ वॉट येते, जवळपास दुप्पट. बेरीज वर्गांची करायची असते, आणि ती जमते ती मधले पद शून्य झाल्यामुळेच. एकाच वारंवारितेच्या दोन लाटा असतील तर हा नियम सरसकट लागू होत नाही.

मोजतानाही जपावे लागते. मीटर डीसीवर ठेवला तर १० दिसतात. एसीवर ठेवला तर ५.६६, कारण बहुतेक मीटर तेव्हा डीसी भाग अडवतात, वर ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेले असले तरी. ट्रान्सफॉर्मर पद्धतीच्या क्लॅम्प मीटरला तर डीसी कळतच नाही. त्यासाठी हॉल सेन्सरचा क्लॅम्प लागतो. मीटरवर एसी आणि डीसी एकत्र मोजण्याची सोय असेल, तर ११.५ थेट मिळतात. नसेल, तर दोन्ही वाचने घ्यावीत, त्यांचे वर्ग मिळवावेत आणि वर्गमूळ काढावे.